कर्जरोख्यावरील साचलेले व्याज : करआकारणी

दोन व्याजतारखांच्या मध्ये कर्जरोखा विकत घेताना, मागच्या व्याजतारखेपासून सौद्याच्या दिवसापर्यंतचे जे व्याज खरेदीदार विक्रेत्याला मोजतो, ते साचलेले व्याज. बाजारात याला ‘अ‍ॅक्रूड इंटरेस्ट’ किंवा ‘ब्रोकन पीरियड इंटरेस्ट’ म्हणतात. रोख्याचा भाव वेगळा सांगितला जातो आणि हे व्याज त्यात मिळवून एकूण रक्कम द्यावी लागते. पुढच्या व्याजतारखेला मात्र पूर्ण हप्ता नव्या धारकाच्या खात्यात येतो, आणि कराचा पेच इथूनच सुरू होतो.

पूर्वी बँका आणि विमा कंपन्यांपुरता असलेला हा प्रश्न आता हिंजवडीतल्या पगारदारांपर्यंत आला आहे. ऑनलाइन मंचांवरून नोंदणीकृत रोखे थोड्या रकमेतही घेता येतात. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही 2025 मध्ये 200 कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने मुदतीआधी रोखा विकला, तर हिशेब कसा बसतो ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

दोन लाख दर्शनी किमतीचा, 9 टक्के वार्षिक व्याजाचा नोंदणीकृत कंपनी-रोखा आहे आणि व्याज दर 30 सप्टेंबरला मिळते. 7 मे 2025 रोजी तो दर्शनी भावाला घेतला. मागच्या हप्त्याला 219 दिवस झाले होते, म्हणून 10,800 रुपये साचलेले व्याज धरून 2,10,800 रुपये मोजले. 30 सप्टेंबरला 18,000 चा हप्ता आला; त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे 1,800 रुपये, कापले गेले. 23 फेब्रुवारी 2026 रोजी रोखा त्याच भावाला विकला. नंतरच्या 146 दिवसांचे 7,200 रुपये मिळून 2,07,200 रुपये हाती आले. खरी कमाई 14,400 रुपये. 292 दिवसांचे व्याज तेवढेच होते.

कायद्याच्या चौकटीत मात्र या एकाच कमाईचे दोन तुकडे पडतात. पूर्ण 18,000 रुपये ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरतात. खरेदीच्या वेळी दिलेले 10,800 त्यातून वजा करता येत नाहीत, कारण विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी रक्कम रोख्याच्या किमतीचाच भाग, म्हणजे भांडवली खर्च, मानली. मग खरेदी 2,10,800 आणि विक्री 2,07,200 धरून 3,600 रुपयांचा अल्पकालीन भांडवली तोटा दिसतो. हा तोटा व्याजातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. दुसरा असा नफा नसेल, तर उपकरासह 31.2 टक्के दराने 18,000 वर 5,616 रुपये कर बसतो. 14,400 वर तो सुमारे 4,493 रुपये झाला असता. ज्याने त्याच वर्षी शेअर किंवा कंपनीकडून मिळालेले आरएसयू नफ्यात विकले असतील, त्याला हा तोटा त्या नफ्यासमोर मांडता येतो. उरलेला तोटा विवरणपत्र वेळेत भरल्यास आठ वर्षे पुढे नेता येतो.

रोखे ज्यांच्या धंद्याचा माल आहे, त्यांची वाट वेगळी. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने साचलेले व्याज धंद्याचा खर्च म्हणून मान्य केले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही मालसाठ्यातल्या रोख्यांबाबत तोच निकाल दिला. वर्षातून दोन-चार रोखे घेणाऱ्या पगारदाराने मात्र स्वतःला व्यापारी समजून हा निकाल लावू नये. काही सल्लागार खरेदी-विक्रीच्या दोन्ही वेळचे साचलेले व्याज भावातून बाजूला काढून फक्त 14,400 व्याज दाखवतात. आर्थिकदृष्ट्या ते अधिक न्याय्य आहे. पण व्यक्तिगत गुंतवणूकदारासाठी विजया बँकेचा निकाल त्याच्या आड येतो. शिवाय वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, 18,000 दिसत असल्याने नोटीस येण्याची शक्यता राहते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते दोन पद्धतींची सरमिसळ झाली की. मंचाकडून आलेल्या भांडवली नफ्याच्या पत्रकात खरेदी आणि विक्री दोन्ही 2,00,000 दाखवून नफा शून्य लिहिला असेल आणि व्याजाखाली पूर्ण 18,000 असतील, तर 3,600 रुपयांचा तोटा हिशेबातून नाहीसा झाला असे समजावे. सौद्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर भाव आणि साचलेले व्याज वेगवेगळे छापलेले असते. पत्रक त्याच्याशी ताडून पाहावे.

नोंदणीकृत रोखा बारा महिन्यांहून जास्त ठेवला तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि 23 जुलै 2024 पासून त्यावर 12.5 टक्के दर आहे. त्या तारखेपासून विकलेल्या नोंदणी नसलेल्या रोख्याचा नफा मात्र कितीही काळ ठेवला तरी अल्पकालीनच धरतात. वरचे उदाहरण 2025-26 या आर्थिक वर्षातले, म्हणून 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखालचे आहे. 1 एप्रिल 2026 पासून त्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत.