चित्रातली माणसे आणि इमारतीची उंची

वाचकहो, गावात शाळेची नवी इमारत व्हायची असली की तिचे रंगीत चित्र आधी येते. अंगणात मुले, कडेला मोटार, मागे डेरेदार झाडे. ही मंडळी केवळ शोभेला आलेली नसतात बरे का! नुसती भिंत किती उंच, हे डोळ्याला उमगत नाही. पायथ्याशी माणूस उभा केला की लगेच उमगते. पण तोच माणूस लहान काढला तर? इमारत आपोआप मोठी दिसते.

ही युक्ती पुरती ओळखली होती ती इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीने (१७२०–१७७८). तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याने रोमची सव्वाशेहून अधिक दृश्ये छापली. पडक्या कमानींखाली त्याने अगदी चिमुकली माणसे काढली, कोणी हातवारे करणारी, कोणी दगडांवर रेललेली. भिंतींच्या फटींतून झुडपे लोंबत ठेवली, चौकात घोडागाड्या उभ्या केल्या. माणसांनी भव्यता आणली, झुडपांनी उदासी. चित्रे युरोपभर गेली आणि रोम म्हणजे असेच, हे लोकांच्या मनात ठसले.

पुढे १७८६ साली जर्मन कवी गोएथे रोमला गेला. काराकाल्लाच्या स्नानगृहांचे अवशेष त्याने प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा पिरानेसीने रंगवलेला तो थाट काही त्याला दिसेना. वास्तविक ते अवशेष लहान मुळीच नाहीत! पण चित्राने अपेक्षाच फार वाढवून ठेवली होती.

आता पत्र्याची जागा संगणकाने घेतली आहे, खोड मात्र तीच आहे. ती ओळखायला एक फूटपट्टी पुरते. समजा, चित्रात भिंतीला लागून उभा असलेला मोठा माणूस २ सेंटिमीटर आहे आणि भिंत ८ सेंटिमीटर. म्हणजे भिंत माणसाच्या चौपट, सुमारे साडेसहा मीटर भरली. नकाशात मात्र तिची उंची ४ मीटर लिहिलेली आहे. त्या हिशेबाने तो माणूस जेमतेम एक मीटरचा, म्हणजे पोरसवदा ठरतो! मोटारीचेही तसेच, साधी मोटार सुमारे दीड मीटर उंच असते. मात्र माप घ्यायचे ते भिंतीलगतच्याच वस्तूचे. पुढचा माणूस मोठा आणि मागचा लहान दिसणारच.

आणखी एक खूण आहे. चित्र उभ्या माणसाच्या नजरेतून काढलेले असेल, तर सपाट जमिनीवर जवळच्या आणि लांबच्या मोठ्या माणसांची डोकी जवळपास एकाच रेषेत येतात. पाय तेवढे वरखाली होतात. एखादे डोके त्या रेषेच्या फार खाली गेले, तर तो माणूस खुजा काढला आहे असे समजावे.

राहता राहिली झाडे. चित्रातली ती सावली पंधरा-वीस वर्षांनंतरची असते. लावायची असतात ती रोपे. तेव्हा चित्राला होकार देण्याआधी विचारा, “ही झाडे आज आहेत की लावायची आहेत?”