लेयर, मास्क आणि सिलेक्शन

फोटोशॉप, गिंप, क्रिटा यांसारख्या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील तीन मूलभूत सोयी. लेयर म्हणजे चित्राचा एक सुटा थर. मास्क म्हणजे त्या थराचा कोणता भाग किती दिसावा हे ठरवणारे, त्यालाच जोडलेले आच्छादन. सिलेक्शन म्हणजे पुढचे काम चित्राच्या कोणत्या भागापुरते होईल, हे ठरवणारी तात्पुरती हद्द. तिन्ही समजून घ्यायला एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांपुढे आणणे पुरते. मात्र ही उपमा कुठे लंगडी पडते तेही माहीत हवे.

ही उपमा कोणी शिकवण्यासाठी शोधून काढलेली नाही, कामातूनच आली आहे. अमेरिकी व्यंगचित्रपटकार अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे रंगवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारे पात्र वरच्या पारदर्शक पत्र्यावर काढायचे, म्हणजे प्रत्येक चित्रात झाड आणि घर पुन्हा काढावे लागत नाही. या पत्र्यांची एक अडचण होती. सेल्युलॉइड अगदी स्वच्छ पारदर्शक नसते, त्यामुळे वर पत्रे वाढले की खालचे रंग मंदावतात आणि चळतीची उंची मर्यादित ठेवावी लागते. संगणकातला कागद या बाबतीत निर्दोष आहे. त्याच्या रिकाम्या भागातून खालचे जसेच्या तसे दिसते, मग वर दोन लेयर असोत की दोनशे. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलेली गोष्ट खालच्या चित्रात मुरून जाई.

एक साधे काम घेऊ. घरातल्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका करायची आहे. हाताशी असलेला फोटो वाड्याच्या गडद शिसवी दारासमोर काढलेला आहे आणि पत्रिकेची पार्श्वभूमी झेंडूच्या पिवळ्या रंगाची हवी आहे. छापील आकार ए५ आणि दर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे कॅनव्हास १७४८ × २४८० पिक्सेलचा. चळतीत तीन कागद येतील: तळाशी पिवळा, मध्ये आजी, वर अक्षरे. क्रम बदलून अक्षरे आजीच्या खाली गेली, तर तिच्या पदरामागे लपतील. चळत नेहमी वरून पाहायची असते आणि लेयरच्या यादीत जे वर, तेच चित्रातही वर.

येथे नवशिक्याला पहिला अडथळा लागतो. कॅमेऱ्यातून आलेला JPG फोटो हा पारदर्शक कागद नसतोच, तो साधा अपारदर्शक कागद असतो. गिंपमध्ये त्यावर खोडरबर चालवला तर भोक पडत नाही, तिथे पार्श्वरंग लागतो. कागदाला पारदर्शकतेची क्षमता आधी द्यावी लागते: `Layer > Transparency > Add Alpha Channel`. फोटोशॉपमध्ये असा फोटो `Background` या नावाने कुलूपबंद येतो. कुलुपावर टिचकी मारली की तो साधा लेयर होतो. पारदर्शक जागा पडद्यावर राखाडी-पांढऱ्या चौकड्यांनी दाखवतात. चौकड्या चित्राचा भाग नसतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या कित्येक ‘पारदर्शक’ चित्रांत मात्र त्या खरोखरच रंगवलेल्या निघतात, आणि ते कळते पिवळ्यावर ठेवल्यावर.

आता दार घालवायचे. त्यासाठी प्रथम सिलेक्शन. रांगोळीचा जाळीदार छाप जमिनीवर ठेवून वरून रंग टाकला की भोकांतून तेवढाच खाली उतरतो. सिलेक्शनचे काम तसेच. लासोने आजीभोवती रेघ ओढली की सरकत्या तुटक रेषा दिसू लागतात. इंग्रजीत त्यांना चालत्या मुंग्या म्हणतात. ॲपलच्या १९८४ च्या मॅकपेंटसाठी बिल ॲटकिन्सन यांनी त्या आणल्या. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हा छाप कोणत्याही एका कागदाचा नसतो. तो सगळ्या चळतीच्या वर तरंगतो आणि त्या क्षणी जो लेयर निवडलेला असेल त्यावर लागू होतो. म्हणून आजीची बाह्यरेषा नीट आखूनही, यादीत पिवळा लेयर निवडलेला असताना `Delete` दाबले, तर दार जागच्या जागी राहते आणि पिवळ्या कागदाला आजीच्या आकाराचे भोक पडते. वर आजी असल्याने ते भोक दिसतही नाही. ते सापडते तिला जरा बाजूला सरकवल्यावर.

रांगोळीच्या छापाची तुलना कडेपाशी सुटते. छापात भोक असते किंवा नसते. सिलेक्शनमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो: २५५ म्हणजे पूर्ण निवडलेला, ० म्हणजे अजिबात नाही, १२८ म्हणजे निम्मा. कड मऊ करण्यासाठी `Feather` मध्ये २ पिक्सेल दिले, की सीमेवरचे आकडे एकदम न पडता उतरत जातात. मुंग्यांची रेघ फक्त निम्म्याच्या पातळीवर काढली जाते, तिच्या बाहेरही थोडे निवडलेले असते. त्यामुळे मुंग्यांवर विसंबून कड मऊ आहे की कडक, हे सांगता येत नाही.

ते पाहायला क्विक मास्क आहे. फोटोशॉपमध्ये `Q`, गिंपमध्ये `Shift+Q`. न निवडलेला भाग लालसर होतो आणि निम्मा निवडलेला फिका लाल. हा लाल रंग छापखान्यातून आलेला आहे. ऑफसेटच्या जुन्या कामात फिल्मवर लाल पारदर्शक पटल लावून, ब्लेडने कापून, नको तेवढे सोलून काढत. छपाईच्या लिथ फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नाही, म्हणून आपल्याला आरपार दिसणारे पटल फिल्मच्या दृष्टीने काळेच असे. ज्याने ते पटल सोलले आहे, त्याला मास्क म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘मुखवटा’ हा शब्दशः अर्थ येथे दिशाभूल करतो, भिंत रंगवताना चौकटीवर लावतात त्या मास्किंग टेपशी नाते जवळचे.

सिलेक्शन तयार असताना ते उलटे करून आजीच्या लेयरवर दार खोडून टाकता येते, पण मग दाराबरोबर चुकून गेलेला कानही कायमचा जातो. त्याऐवजी सिलेक्शन न उलटता मास्क लावावा. गिंपमध्ये `Layer > Mask > Add Layer Mask` मध्ये `Selection` हा पर्याय घ्यावा. फोटोशॉपमध्ये लेयरच्या यादीखालचे मास्कचे बटण पुरते. दार दिसेनासे होते, पण कागदावरून ते पुसले गेलेले नसते. लेयरच्या लहान चित्राशेजारी दुसरे लहान चित्र येते: आजीच्या आकाराचा पांढरा भाग, बाकी काळे. पांढरे दाखवते, काळे झाकते, राखाडी अर्धवट दाखवते. कान गेला असेल तर मास्कवर पांढऱ्या ब्रशने फिरवावे, कान परत येतो.

म्हणजे सिलेक्शन आणि मास्क मुळात एकच वस्तू: कृष्णधवल छटांचे एक चित्र. सिलेक्शन तरंगते आणि दुसरीकडे टिचकी मारली की विरून जाते. मास्क एका कागदाला टाचलेला असतो आणि फाइलबरोबर राहतो. एकातून दुसरे केव्हाही बनवता येते. नवशिक्यांना ही तीन वेगळी हत्यारे वाटतात ती शिकवण्याच्या क्रमामुळे. वास्तविक कागद एक आणि त्याचा पडदा एक, एवढाच हिशेब आहे.

मास्क लावल्यावरची नेहमीची चूक म्हणजे मास्कऐवजी चित्रावरच ब्रश चालवणे. झाकायला म्हणून काळा फिरवला आणि आजीच्या गालावर काळा पट्टा उमटला, तर समजावे की यादीतली निवडीची चौकट डावीकडच्या लहान चित्राभोवती आहे, मास्कभोवती नाही. ब्रश उचलण्याआधी ती पाहण्याची सवय लावून घ्यावी. मास्क कसा आहे तो प्रत्यक्ष पाहायचा तर `Alt` दाबून त्यावर टिचकी मारावी. काळ्यात राहिलेले पांढरे ठिपके, जे पिवळ्यावर नजरेतून सुटतात, तेथे लगेच दिसतात.

सर्वांत अवघड जागा केसांची. मास्क उत्तम जमूनही आजीच्या पांढऱ्या केसांभोवती काळसर रेघ राहते आणि दोष मास्कलाच दिला जातो. कारण वेगळे आहे. एका पिक्सेलचा हिशेब मांडू. समजा केसांची उजळता २२०, दाराची ६०. केसाची बट त्या पिक्सेलचा निम्माच भाग व्यापत होती, म्हणून कॅमेऱ्याने दोन्हींची सरासरी १४० टिपली. मास्कमध्येही आपण तिथे बरोबर निम्मे दिले. खालच्या पिवळ्याची उजळता २०० धरली, तर हवे होते निम्मे केस आणि निम्मे पिवळे, म्हणजे २१०. मिळते निम्मे १४० आणि निम्मे २००, म्हणजे १७०. दार झाकले गेले, पण कॅमेऱ्यानेच केसात मिसळलेला दाराचा रंग तसाच राहिला. मास्क किती दिसावे ते ठरवतो. जे दिसते त्याचा रंग बदलणे त्याच्या हातात नाही.

उपाय दोन. खांदे आणि पदर यांच्या कडेला मास्क एक पिक्सेल आत घ्यावा, तिथे तेवढे गेलेले कळत नाही. केसांना हे चालत नाही, बटा बोथट होतात. तिथे मास्क सोडून चित्रावर यावे आणि जवळच्या केसाचा रंग उचलून कडेवर अलगद ब्रश फिरवावा. आकार मास्क सांभाळतोच. फोटोशॉपमधील `Decontaminate Colors` हेच काम आपोआप करते. त्यात चित्राचे पिक्सेल बदलतात, म्हणून मूळ लेयरची प्रत आधी काढून ठेवावी. आणि फोटो अजून काढायचा असेल, तर पांढऱ्या केसांच्या माणसाला गडद दारासमोर बसवू नये. फिकट भिंत घ्यावी, कारण पत्रिकेची पार्श्वभूमी फिकट आहे.

काम झाल्यावर फाइल PSD किंवा गिंपच्या XCF मध्ये ठेवावी, त्यांत कागद सुटे आणि मास्क शाबूत राहतात. PNG पारदर्शकता राखतो, पण सगळे थर एकाच कागदात मिसळतात. JPG मध्ये पारदर्शकताही उरत नाही. छापखान्यात पाठवण्यापुरती चपटी फाइल वेगळी काढावी. आमंत्रणातली तारीख बदलली, तर सुट्या थरांची फाइलच पुन्हा उघडावी लागते.