आरशाने सोडलेली जागा

हेलिओस ४४-२ ही ५८ मिलिमीटरची जुनी सोव्हिएत लेन्स सोनीच्या ए७ कॅमेऱ्याला जोडणारा अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन आरपार पाहिलं, तर त्यात काहीच दिसत नाही. काच नाही, मोटर नाही, विजेचे संपर्कबिंदू नाहीत. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यात फिरवून अडकवायची कडी आणि मधे साडेसत्तावीस मिलिमीटरची, आतून काळी केलेली पोकळी. पैसे मोजायचे ते या पोकळीचे. आणि जुन्या लेन्सची बहुतेक दुखणी याच पोकळीच्या मापात दडलेली असतात.

ही पोकळी म्हणजे एका आरशाची जागा आहे. १९४९ साली ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने काँटॅक्स एस हा कॅमेरा आणला. लेन्समधून येणारं दृश्य आरशाने वर वळवायचं आणि डोळ्याला दाखवायचं, बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा आणि प्रकाश फिल्मवर पडायचा. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. लेन्स जिथे टेकते त्या कडीपासून फिल्मपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. या कॅमेऱ्याच्या माउंटसाठी ते ४५.४६ मिलिमीटर ठरलं. आट्यांचा व्यास ४२ मिलिमीटर, म्हणून नाव पडलं एम४२.

हे माउंट कुणा एकाचं राहिलं नाही. पूर्व जर्मनीतल्या प्राक्टिकाने ते घेतलं, १९५७ मध्ये जपानच्या पेंटॅक्सने घेतलं, पुढे सोव्हिएत झेनिटने घेतलं. हेलिओसचा वंशही जर्मनच. झाइसच्या येना इथल्या कारखान्याची बायोटार ५८ मिलिमीटर एफ/२ ही तिची मूळ रचना. युद्धानंतर ती सोव्हिएतांच्या हाती गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये तिच्यावरून हेलिओस बनू लागली. इतक्या देशांत, इतकी वर्षं या आट्यांच्या लेन्स बनल्या, म्हणूनच आजही त्या स्वस्तात सापडतात.

एका कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्याला लावायची कल्पना मात्र डिजिटल काळातली नाही. लायकाने १९५४ मध्ये आट्यांचं माउंट सोडून फिरवून बसणारं एम माउंट आणलं, तेव्हा जुनं फ्लँज अंतर २८.८ मिलिमीटर होतं. नवं त्यांनी २७.८ ठेवलं. मुद्दाम एक मिलिमीटर कमी, म्हणजे तेवढ्याच जाडीची कडी घातली की जुन्या सगळ्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालणार. पेंटॅक्सने १९७५ मध्ये के माउंट काढताना तर जुनंच ४५.४६ कायम ठेवलं. त्यांचा अ‍ॅडॅप्टर माउंटच्या आतच बसतो आणि जाडी शून्य भरते. जुन्या गिऱ्हाइकाची अशी काळजी सगळ्यांनी घेतली नाही. कॅननच्या एफडी लेन्सचं अंतर ४२ मिलिमीटर होतं आणि १९८७ च्या ईएफ माउंटचं ४४ झालं. दोन मिलिमीटर उलट्या दिशेने. एफडी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावली की ती फिल्मपासून जास्त दूर बसणार आणि दूरचं काही स्पष्ट दिसणार नाही. एका फटक्यात चांगल्या लेन्सचं एक अख्खं घराणं अडगळीत गेलं.

इथे नियम एवढाच आहे: कॅमेऱ्याचं फ्लँज अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा कमी असेल, तर फरक नळीने भरून काढता येतो, जास्त असेल, तर धातू कापून काही होत नाही, मधे काच घालावी लागते. कॅननच्या ४४ वर एम४२ साठी दीड मिलिमीटरची कडी पुरते. निकॉनचं अंतर ४६.५, म्हणून त्यावर हेलिओस नुसत्या कडीने लावली, तर सव्वातीन मीटरच्या पलीकडचं जग धूसर. काच घातलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण जिच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या लेन्सचा गुणच ती स्वस्त काच खाऊन टाकते. माझ्या मते ते घेऊ नयेत.

मग २००८ मध्ये पॅनासॉनिकने लुमिक्स जी१ आणला आणि आरसाच काढून टाकला. दोन वर्षांनी सोनीच्या नेक्स कॅमेऱ्यांचं फ्लँज अंतर १८ मिलिमीटरवर आलं. ए७ चंही तेवढंच. ४५.४६ मधून १८ गेले, उरले २७.४६. आरशाने सोडलेली ही जागा कुठल्याही कारागिराला नळीने भरता येण्यासारखी होती. बघता बघता एम४२, एफडी, निकॉन, मिनोल्टा, सगळ्यांचे अ‍ॅडॅप्टर बाजारात आले आणि अडगळीतल्या एफडी लेन्सही पुन्हा बाहेर निघाल्या.

आता त्या २७.४६ कडे जरा बारकाईने बघू. नळी ०.१ मिलिमीटरने लांब निघाली, तर काय होईल? लेन्स सेन्सरपासून तेवढी दूर बसेल आणि अनंतावर, म्हणजे ‘∞’ च्या खुणेवर नेली तरी प्रत्यक्षात जवळच कुठेतरी फोकस होईल. किती जवळ, ते काढणं सोपं आहे: फोकल लेन्थचा वर्ग भागिले चूक. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ०.१, म्हणजे ३३,६४० मिलिमीटर. साधारण ३४ मीटर. समोरची इमारत स्पष्ट, मागचा डोंगर कधीच नाही. हाच अ‍ॅडॅप्टर २८ मिलिमीटरच्या लेन्सला लावला, तर हद्द आठ मीटरवर येते. १३५ ला लावला तर १८० मीटरच्या पुढे जाते. म्हणून एकच अ‍ॅडॅप्टर एकाच्या हातात चांगला ठरतो आणि दुसऱ्याच्या हातात नालायक.

बनवणारे हे जाणून असतात. लांब निघालेला अ‍ॅडॅप्टर गिऱ्हाईक परत आणतं, म्हणून ते नळी थोडी आखूडच ठेवतात. आखूड नळीत लेन्स अनंतापर्यंत पोहोचते आणि पुढेही जाते, त्यामुळे तक्रार होत नाही. पण फिल्मच्या काळातली सवय घात करते. तेव्हा दूरचा देखावा टिपायचा तर फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवली की काम झालं. आता शेवटपर्यंत फिरवली की आपण अनंताच्या पलीकडे असतो, जिथे फोकस करण्यासारखं काही नाही. एफ/२ वर ०.१ मिलिमीटरच्या चुकीने एका ताऱ्याचा ठिपका ०.०५ मिलिमीटर रुंद होतो. ए७ च्या सेन्सरवर हे आठेक पिक्सेल भरतात. एफ/८ वर तीच चूक दोन पिक्सेलांवर येते. दिवसा एफ/८ वर काढलेले फोटो चांगले आणि रात्री एफ/२ वर काढलेले मऊ, असं झालं की लोक लेन्सला दोष देतात. दोष बहुधा नळीचा असतो.

एवढी चूक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत कशी नाही? इथे फोकस पीकिंग येतं. जुन्या कॅमेऱ्यांत फोकस बघायला घासलेली काच आणि तिच्या मधोमध दोन तुकड्यांत फुटणारी प्रतिमा असायची. आरशाबरोबर तीही गेली. तिची जागा घेणारी युक्ती टीव्हीच्या स्टुडिओतून आली. तिथल्या कॅमेऱ्यांच्या छोट्या कृष्णधवल व्ह्यूफाइंडरला पीकिंगचं बटण असे. ते फिरवलं की चित्राच्या कडा उठून दिसायच्या आणि कॅमेरामनला फोकस कळायचा. टीव्ही कॅमेऱ्यांच्या धंद्यात मुरलेल्या सोनीने २०११ मध्ये ते नेक्स मालिकेत आणलं, आधीच्या नेक्सवाल्यांनाही फर्मवेअरमधून दिलं. शेजारशेजारच्या पिक्सेलांच्या उजेडातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तिथे लाल, पिवळा किंवा पांढरा रंग भरायचा, एवढंच ते करतं. फोकस म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. त्याला कडा कळतात.

त्यामुळे खिडकीची जाळी थोडी फोकसबाहेर असली तरी रंगते आणि माणसाचा गाल नेमका फोकसमध्ये असूनही कोरा राहतो. अंधारात आयएसओ वाढवला की चित्रातले दाणेही रंगतात. शिवाय हेलिओस एफ/२ वर सगळ्या कडांभोवती हलकी झळाळी सोडते, म्हणून रंग सर्वांत गडद होतो ती जागा आणि खरा फोकस यांचा मेळ बसेलच असं नाही. सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे व्ह्यूफाइंडर. पहिल्या ए७ मध्ये तो १०२४ पिक्सेल रुंद आहे आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे सेन्सरवरचे जवळपास सहा पिक्सेल तिथे एकात दाबले जातात. आठ पिक्सेलांचा पसरलेला तारा व्ह्यूफाइंडरमध्ये जेमतेम दीड पिक्सेल व्यापतो. पीकिंग त्यालाही स्पष्ट समजून रंगवून टाकतं. म्हणून Peaking Level नेहमी Low ठेवावी, रंगाने फक्त जागा हेरावी आणि खात्री Focus Magnifier ने चित्र मोठं करून डोळ्यांनी करावी. कडी दोन्ही बाजूंना हलवून रंग कुठे येतो, कुठे जातो ते बघितलं की मध्य सापडतो. (लेन्स लावूनही कॅमेरा फोटोच काढत नसेल, तर Release w/o Lens चालू करायचं राहिलं आहे. या लेन्सकडून कॅमेऱ्याला काहीच कळत नसल्यामुळे तो माउंट रिकामं समजतो.)

नळी लांब की आखूड, हे कळायला एक रात्र पुरे. कॅमेरा तिपाईवर, लेन्स एफ/२ वर, पीकिंग बंद आणि समोर अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांबचा एखादा दिवा; डोंगरावरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा उत्तम. चित्र मोठं करून कडी हळूहळू ‘∞’ कडे न्यायची. शेवटी अडेपर्यंत दिवा लहान लहानच होत राहिला आणि तरीही त्याचा नेमका ठिपका झाला नाही, तर नळी लांब आहे. ती परत करावी. मधेच कुठेतरी सगळ्यात लहान होऊन पुन्हा पसरू लागला, तर नळी आखूड आहे. कडी तिथेच थांबवून तिच्यावरचा आकडा वाचायचा. समजा १० मीटर आला. मघाचाच हिशेब उलटा: ३३६४ भागिले १०,०००, म्हणजे नळी ०.३४ मिलिमीटरने आखूड.

हे भरून काढता येतं. बहुतेक अ‍ॅडॅप्टरची कॅमेऱ्याकडची कडी चार बारीक स्क्रूंवर बसवलेली असते. ती सोडवून तिच्याखाली पातळ पत्रा घालायचा. थंड पेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे तीन थर झाले. चौथा घालू नये. थोडी आखूड राहिलेली नळी चालते, लांब झालेली चालत नाही. पत्रा सगळीकडे सारखा हवा आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, नाहीतर लेन्स कलते आणि फोटोची डावी बाजू धारदार, उजवी मऊ असं नवंच दुखणं सुरू होतं. एम४२ ची दुसरी लेन्स लावायची झाली तर टॉवरच्या दिव्यावर पुन्हा बघायचं, कारण पन्नास वर्षांत कुणी ना कुणी उघडून बसवलेल्या या लेन्स स्वतःही ४५.४६ वर अचूक उरलेल्या असतातच असं नाही.