भागीदाराची निवृत्ती वा निधन : ख्यातीचा वाटा आणि देय रकमेचा हिशेब

भागीदारी संस्थेतील एखादा भागीदार निवृत्त झाला किंवा त्याचे निधन झाले, की त्याच्या अथवा त्याच्या वारसांच्या हाती प्रथम पडतो तो संस्थेचा ताळेबंद. भांडवल खात्यावर जी रक्कम दिसते, तेवढेच आपले येणे, असा समज त्यातून सहज होतो. वास्तविक तो आकडा हिशेबाचा केवळ आरंभ असतो. जागेची वाढलेली किंमत, साठवलेला नफा आणि अनेक वर्षांच्या व्यवहारातून दुकानाच्या नावाला आलेली किंमत, म्हणजेच ख्याती, यांतील त्याचा हिस्सा त्या आकड्यात बहुधा नसतो.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, ख्याती ही संस्थेची मालमत्ता आहे. भागीदाराच्या निधनानंतर उरलेल्यांनी व्यवसाय पुढे चालू ठेवला, तर ख्यातीची विभागणी करण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद पूर्वी केला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये खुशाल खेमगर शहा खटल्यात तो अमान्य केला. ख्यातीचा हिशेब केवळ संस्था विसर्जित होतानाच करावा असे नाही. मृत भागीदाराच्या वारसांचाही तीत हिस्सा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. पुण्यातील कापड दुकानाचे अ, ब आणि क हे तीन भागीदार असून त्यांचे नफ्याचे प्रमाण ३:२:१ आहे. ब यांचे ३० जून २०२४ रोजी निधन झाले. निधनानंतर व्यवसाय चालू राहील आणि ख्यातीचे मूल्य मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट धरावे, असे भागीदारी पत्रात नमूद आहे. ब यांचा हिस्सा एक तृतीयांश होतो.

ख्यातीचे मूल्य

तीन वर्षांचा पुस्तकी नफा अनुक्रमे ५,२०,०००, ६,२०,००० आणि ७,१०,००० रुपये आहे. मात्र दुसऱ्या वर्षीच्या नफ्यात जुना टेम्पो विकून झालेले ५०,००० रुपये आहेत. असा लाभ दरवर्षी होत नसल्याने तो वगळावा लागतो. उरलेल्या १८,००,००० रुपयांची सरासरी ६,००,००० आणि तिची दुप्पट १२,००,००० रुपये. ब यांचा ख्यातीतील वाटा त्यामुळे ४,००,००० रुपये ठरतो.

हीच ख्याती अधिक नफा पद्धतीने काढली, तर चित्र पालटते. व्यवसायात ३०,००,००० रुपये गुंतले आहेत आणि अशा व्यापारात १२ टक्के परतावा सामान्य आहे, असे मानल्यास ३,६०,००० रुपयांचा नफा कोणत्याही दुकानाला मिळाला असता. त्यावरचा २,४०,००० रुपयांचा नफा तेवढा या नावामुळे आला. त्याची दुप्पट ४,८०,००० आणि ब यांचा वाटा अवघा १,६०,००० रुपये. दोन्ही पद्धती हिशेबशास्त्रात मान्य आहेत. म्हणून करारात केवळ ‘ख्यातीचा वाटा द्यावा’ एवढेच लिहिलेले असते, तेथे वाद हमखास उद्भवतो. पद्धत, किती वर्षांची सरासरी आणि किती पट, या तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या असतील तरच तो टळतो.

हे ४,००,००० रुपये कोणी सोसावयाचे, हा पुढचा प्रश्न. ब यांचा हिस्सा ज्यांच्याकडे गेला त्यांनी, आणि ज्या प्रमाणात गेला त्याच प्रमाणात. अ आणि क पुढे ३:१ या प्रमाणात नफा वाटून घेणार आहेत. अ यांचा हिस्सा तीन षष्ठांशावरून तीन चतुर्थांश झाला, क यांचा एक षष्ठांशावरून एक चतुर्थांश. म्हणजे त्यांना झालेल्या लाभाचे प्रमाणही ३:१ आहे. त्यानुसार अ यांच्या भांडवल खात्यातून ३,००,००० आणि क यांच्या खात्यातून १,००,००० रुपये वजा करून ते ब यांच्या खात्यात जमा केले जातात. नवे प्रमाण २:१ वा १:१ ठरले असते, तर हा भारही बदलला असता.

अंतिम रक्कम

३१ मार्च २०२४ रोजी ब यांच्या भांडवल खात्यावर ९,००,००० रुपये होते. राखीव निधी ३,००,००० रुपयांचा असल्याने त्यातील १,००,००० रुपये त्यांचे. दुकानाची जागा पुस्तकात १०,००,००० रुपयांना असली, तरी मूल्यांकनात ती १६,००,००० रुपयांची ठरली. दुसरीकडे पडून राहिलेला माल आणि बुडीत उधारी यांपोटी १,२०,००० रुपयांची घट धरावी लागली. पुनर्मूल्यांकनाचा निव्वळ लाभ ४,८०,००० आणि ब यांचा त्यातील भाग १,६०,००० रुपये.

एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या नफ्यावरही वारसांचा हक्क आहे. सरासरी नफ्यावरून तो १,५०,००० आणि ब यांचा वाटा ५०,००० रुपये येतो. करारात वेळेऐवजी विक्रीच्या प्रमाणात नफा मोजण्याची तरतूद असती, तर लग्नसराईच्या या तिमाहीत तो कदाचित अधिक भरला असता. याच काळात ब यांनी ३०,००० रुपये उचल घेतली होती. ती वजा होते.

या सर्वांची बेरीज-वजाबाकी केल्यावर देय रक्कम १५,८०,००० रुपये होते. पुस्तकी भांडवलातून उचल वजा करून वारसांची बोळवण झाली असती, तर त्यांना ८,७०,००० रुपयेच मिळाले असते.

रक्कम थकल्यास

एवढी रक्कम एकाच वेळी काढणे दुकानाला सहसा परवडत नाही. त्यामुळे ती वारसांच्या कर्ज खात्यावर वर्ग करून हप्त्यांनी फेडली जाते. हप्ते व व्याज करारात ठरलेले नसतील आणि अंतिम हिशेब न करताच व्यवसाय चालू ठेवला असेल, तर कलम ३७ लागू होते. वारसांना दोनपैकी एक पर्याय निवडता येतो : मृत भागीदाराच्या मालमत्तेच्या वापरामुळे झालेल्या नफ्याचा वाटा, अथवा त्याच्या हिश्श्याच्या रकमेवर दरसाल ६ टक्के व्याज. उदाहरणात हे व्याज वर्षाला ९४,८०० रुपये होते. निवड वारसांची असते, उरलेल्या भागीदारांची नव्हे. मात्र हिस्सा विकत घेण्याचा अधिकार करारानेच उरलेल्यांना दिलेला असेल आणि त्यांनी तो अटी पाळून बजावला असेल, तर नफ्यातील पुढील वाटा मागता येत नाही.

निवृत्तीच्या वेळी आकडेमोड हीच राहते. पण एक दक्षता वाढते. निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत त्रयस्थांच्या दृष्टीने निवृत्त भागीदाराची जबाबदारी संपत नाही. नोंदणीकृत संस्थेसाठी ही सूचना भागीदारी संस्था निबंधकांना, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. निधनाच्या बाबतीत अशी सूचना आवश्यक नसते.

संस्थेत दोनच भागीदार असतील, तर मात्र करारातील ‘व्यवसाय चालू राहील’ हे कलम उपयोगी पडत नाही. एकटा माणूस भागीदारी चालवू शकत नसल्याने एकाच्या निधनाबरोबर संस्था विसर्जित होते. तेव्हा ख्यातीचीही इतर मालमत्तेप्रमाणे विल्हेवाट लावून हिशेब पुरा करावा लागतो.