तिरुमलेत ज्येष्ठांसाठी दररोज एक हजार जागा : नोंदणी केव्हा, कशी आणि कोणासाठी?

तिरुपती बालाजीच्या दर्शनाला दररोज साधारणपणे साठ ते ऐंशी हजार भाविक येतात. या गर्दीत वृद्धांना तासन्‌तास रांगेत तिष्ठावे लागू नये म्हणून तिरुमला तिरुपती देवस्थानमने दररोज एक हजार मोफत प्रवेशिका राखून ठेवल्या आहेत. या केवळ ज्येष्ठांच्या नाहीत. ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींबरोबरच दिव्यांग आणि गंभीर आजाराचे रुग्ण यांचाही त्याच हजारांत वाटा असतो. तीस दिवसांच्या महिन्याचा हिशेब केला, तर साऱ्या देशासाठी या जागा तीस हजारच भरतात.

कोरोनाच्या साथीपूर्वी या प्रवेशिका तिरुमलेत प्रत्यक्ष खिडकीवर मिळत असत. साथीच्या काळात ही सोय बंद झाली. एप्रिल २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण आता तिची नोंदणी आगाऊ आणि ऑनलाइनच करावी लागते. जुन्या पद्धतीची आठवण मात्र समाजमाध्यमांवर अजून फिरते आहे. ‘ज्येष्ठांना सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता मोफत दर्शन, वयाचा दाखला खिडकीवर दाखवा’ अशा आशयाचा संदेश वर्षानुवर्षे पुढे पाठविला जातो. तो खोटा असल्याचे देवस्थानने अनेकदा स्पष्ट केले आहे. त्यावर विसंबून डोंगर चढून गेलेल्या वृद्धाला अखेर सर्वसाधारण रांगेतच उभे राहावे लागते.

नोंदणीचे वेळापत्रक ठरलेले आहे. ज्या महिन्यात जायचे, त्याच्या तीन महिने आधीच्या महिन्यातील २३ तारखेला दुपारी तीन वाजता ज्येष्ठांचा कोटा खुला होतो. एप्रिलमधील दर्शनासाठी २३ जानेवारी, तर नोव्हेंबरमधील दर्शनासाठी २३ ऑगस्ट हा दिवस येतो. वेळापत्रकात क्वचित बदल होतो, म्हणून त्या महिन्याची घोषणा आधी पाहून घ्यावी. नोंदणी ttdevasthanams.ap.gov.in या संकेतस्थळावर किंवा देवस्थानच्या अधिकृत ॲपवर होते. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी भरून प्रवेश मिळतो. कोटा खुला होताना हजारो लोक एकाच वेळी येत असल्याने पडद्यावर प्रतीक्षा दाखविली जाते. अशा वेळी पान पुन्हा उघडण्याचा मोह टाळावा. नाव, वय आणि आधार क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावेत.

तारीख निवडता येत नसेल, तर कारण नीट वाचावे. कोटा संपला असेल, तर दुसरी तारीख पाहता येते. कोटा अद्याप खुलाच झालेला नसेल, तर मात्र चुकीचा महिना उघडला गेलेला असतो.

खरी अडचण सोबतच्या माणसांची असते. समजा, बेळगावचे ७१ वर्षांचे आजोबा आणि ६७ वर्षांच्या आजी यांना चाळिशीतील मुलासह एप्रिलमध्ये जायचे आहे. दोघा ज्येष्ठांना दोन जागा लागतील. मुलगा या कोट्यात बसत नाही. त्याच्यासाठी तीनशे रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाचे तिकीट घ्यावे लागेल आणि ते दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ जानेवारीला सकाळी दहा वाजता खुले होते. त्यामुळे आधी २३ तारखेला आई-वडिलांचा दिवस निश्चित करावा आणि मग त्याच दिवसाचे तिकीट मुलासाठी शोधावे. ते न मिळाल्यास तिरुपती शहरात श्रीनिवासम किंवा विष्णु निवासम येथे मिळणाऱ्या मोफत सर्वदर्शन टोकनवर त्याची भिस्त राहील. ही टोकनेही मर्यादित असतात.

तारखा जुळल्या, तरी दोन्ही रांगा वेगळ्या असतात. मुलगा आई-वडिलांच्या सोबत राहू शकणार नाही. म्हणून नोंदणीपूर्वीच एक प्रश्न घरात मोकळेपणाने विचारावा : दोघे एकमेकांच्या आधाराने रांगेतून चालू शकतील का? ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्या कुटुंबाने सोबत्याविषयीचे चालू नियम देवस्थानकडून आधीच समजून घ्यावेत. रांगेच्या दाराशी विनवणी करून ते बदलत नाहीत.

दर्शनाच्या दिवशी तिरुमला नंबी मंदिराजवळील प्रवेशस्थानी दुपारी तीन वाजताच्या दर्शनासाठी हजर व्हावे लागते. प्रवेशिकेवर वेगळी वेळ छापलेली असल्यास तीच ग्राह्य धरावी. छापील प्रवेशिकेबरोबर मूळ आधारपत्र जवळ असावे. आजारपणाच्या कारणाने नोंदणी केलेल्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्रही न्यावे. प्रवेशिका नावावर असते, ती दुसऱ्याला देता येत नाही. दर्शनानंतर प्रत्येकाला एक लाडू मोफत मिळतो. ही नोंदणी पूर्णतः विनामूल्य आहे. या जागेसाठी पैसे मागणारी व्यक्ती मध्यस्थ असते, देवस्थानची प्रतिनिधी नव्हे.