खर्रा आणि मोहाची: एका गुणाकाराचा मागोवा

नागपुरातल्या पानठेल्यावर खर्रा घोटताना बघावं. प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू आणि चुना घेऊन पन्नी रगडली की सगळं एकजीव होतं. ही पुडी चिमटी-चिमटीने दिवसभर गालात जाते आणि संध्याकाळी त्याच गालावरून देशी किंवा मोहाची उतरते. दोन्ही सवयींचा धोका एकत्र आल्यावर किती होतो, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

1955 साली मुंबईत संघवी, राव आणि वसंत खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयी इतरांच्या सवयींशी ताडून पाहिल्या. चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी दिसला, धूम्रपानाचा घशाच्या. तेव्हा मुख्य आरोपी तंबाखूच होती.

दारूचा हिशेब 1972 साली अमेरिकेत रॉथमन आणि केलर यांनी मांडला. पाहणी माजी सैनिकांची होती. न पिणाऱ्या, न ओढणाऱ्या माणसाचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका 1 धरला. नुसत्या भरपूर सिगारेटींनी तो 2.43 झाला, नुसत्या भरपूर दारूने 2.33. नुसती बेरीज झाली असती तर दोन्हींचा मिळून धोका पावणेचारच्या आसपास भरला असता आणि गुणाकार झाला असता तर साडेपाचच्या थोडा वर. प्रत्यक्षात आकडा आला 15.5. यातला नेमका आकडा फार ताणू नये, कारण दोन्हींपासून दूर राहिलेले रुग्ण फार थोडे होते. पण बेरीज पुरत नाही, हे स्पष्ट झालं.

असं का होतं? दारूने तोंडाचं अस्तर झिरपतं होतं आणि तंबाखूतली नायट्रोसमाइन्स खोल शिरतात. शिवाय दारूचं अॅसिटाल्डिहाइड होतं, त्यातला काही भाग तोंडातले जिवाणूच तयार करतात आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. खर्रा खाणाऱ्याचं अस्तर तर सुपारी-चुन्याने आधीच सोललेलं असतं.

रॉथमन आणि केलर यांची मोजणी सिगारेट आणि परदेशी दारूची होती. आपल्याकडचं चित्र 2025 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या पाच केंद्रांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्यात गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग झालेले पुरुष आणि निरोगी पुरुष यांची तुलना होती. पिणाऱ्यांत धोका 68 टक्के जास्त निघाला, गावठी दारूत त्याहूनही जास्त. देशातल्या अशा कर्करोगांपैकी सुमारे 62 टक्के दारू आणि चघळायची तंबाखू या जोडीच्या खात्यावर जातात, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दोन्हींपैकी एक सवय सुटली, तरी गुणाकारातला वाढीव भाग ओसरू लागतो. ‘खर्रा सुटत नाही, मग दारू तरी का सोडू’ या म्हणण्याला म्हणूनच आधार उरत नाही. आणि ज्याच्या दोन्ही सवयी चालू असतील त्याने आरशासमोर गाल ओढून पाहावं. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटं उभी धरून आत न जाण्याइतकं आखडलेलं तोंड, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावं. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीला हे बहुधा दुखत नाही.