रोमनमध्ये न आणि ण एकच

माझ्या गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत Hingani असंही दिसतं आणि Hingni असंही. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवरचं हे गाव. देवनागरीत त्याचं एकच रूप आहे, हिंगणी. गावात बोलताना मात्र बहुतेकांच्या तोंडी ‘हिंगनी’ असतं. इकडच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, पाणी ‘पानी’ होतं, कोण ‘कोन’ होतो. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला, त्यातही वऱ्हाडी-नागपुरीबद्दल ही नोंद आहे. म्हणजे ही गोष्ट आजची नाही आणि कुणाच्या आळसाचीही नाही.

आता मोबाईलवर साधी शुभेच्छा टाइप करायची आहे असं समजा. राम राम, जय भीम, जय गुरु, नमस्कार या आपल्याकडच्या रोजच्या अभिवादनांत ‘ण’ही नाही आणि ‘ळ’ही नाही. ती कुठल्याही लिपीत लिहा, लिहिणाऱ्याचं बिंग फुटत नाही. अडचण त्याच्या पुढच्या वाक्यात येते. पोळ्याच्या दिवशी कुणी लिहिलं, ‘namaskar kakaji, aaj aaplya bailancha san aahe’, तर पुण्यातला वाचणारा san हा ‘सण’ वाचतो, हिंगणीतला ‘सन’ वाचतो, आणि दोघांनाही काही खटकत नाही. तेच देवनागरीत लिहायचं तर ठरवावं लागतं. ‘सण’ लिहिलं तर शाळेतलं लिहिलं, ‘सन’ लिहिलं तर तोंडातलं. आणि ‘सन’ म्हणजे वर्ष, हे सांगायला कुणीतरी टपलेलंच असतं.

रोमनमधली मराठी म्हणजे इंग्रजीचा सोस, असं आपण फार लवकर म्हणून टाकतो. आमच्या घरच्या ग्रुपवर माझी एक मावशी कायम रोमनमध्ये लिहिते. तिला इंग्रजी येत नाही. पण रोमनमध्ये मराठीचं शुद्धलेखनच नाही. shubhechha, shubhecha, subhechha, काहीही चालतं. चूक कोण कशावरून ठरवणार? देवनागरीत ‘शुभेच्छा’मधला शु पहिला की दुसरा, च्छ की छ्छ, हे सगळं भाच्यांसमोर उघडं पडतं.

मराठी माणूस खाजगी पत्रं नेहमीच देवनागरीत लिहीत होता, असं मानायचंही कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पत्रं, हिशेब, दप्तरं यांची लिपी प्रामुख्याने मोडी होती. देवनागरीला बाळबोध म्हणत आणि ती मुख्यतः पोथ्यांची, नंतर छापील पुस्तकांची. मोडीत ‘ण’ आणि ‘ळ’ होते, पण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा केला जात नसे. इकारासाठी एक खूण, उकारासाठी एक खूण, पुढचं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. पत्र वाचणारा लिहिणाऱ्याची पायरी वेलांटीवरून ओळखत नसे, मायन्यावरून ओळखत असे. ‘साष्टांग नमस्कार’ लिहिला की समोरचा मोठा, ‘आशीर्वाद’ लिहिला की धाकटा. वेलांटीला परीक्षेचं वजन आलं ते छपाई आणि शाळेमुळे. साहित्य महामंडळाचे जे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, त्यांत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांनाच मोठी जागा आहे. तोवर मोडी शाळेतून जवळजवळ गेलेली होती. त्या अर्थाने मावशीची रोमन ही मोडीच्या सैलपणाची नात म्हणता येईल, फक्त आजीपेक्षा जास्त सैल, कारण हिने ‘ण’ आणि ‘ळ’ही सोडून दिले.

अर्थात मोबाईलवर रोमनची सवय लागली ती शुद्धलेखनाच्या भीतीने नाही. तिचं कारण एसेमेस. एका एसेमेसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. शिवाय संदेशात एक जरी देवनागरी अक्षर आलं, तरी अख्खा संदेश १६ बिटांच्या हिशेबात जातो.

‘पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ मोजून बघा. मोबाईल ‘पोळ्याच्या’ हा शब्द प, ओकार, ळ, हलन्त, य, काना, च, हलन्त, य, काना असा दहा चिन्हांचा धरतो. पूर्ण ओळ होते २७ चिन्हांची. Polyachya hardik shubhechha ही ओळ, मधल्या रिकाम्या जागा धरून, तीसुद्धा बरोबर २७ अक्षरांची. लांबी तंतोतंत सारखी, पण रोमनमध्ये अजून १३३ अक्षरांची जागा उरते आणि देवनागरीत ४३ चिन्हांची. त्यात घरच्या सगळ्यांची नावं आणि ‘जेवायला या’ घातलं की देवनागरीचे दोन एसेमेस होतात आणि पैसेही दोनाचे जातात. तेव्हा काही सणांना कंपन्या ‘ब्लॅकआउट डे’ लावत आणि त्या दिवशी स्वस्त पॅक चालत नसे. शुभेच्छा नेमक्या त्याच दिवशी द्यायच्या असत.

त्यातून समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसला, तर तिथे नुसते रिकामे चौकोन उमटत. म्हणून त्या काळात रोमन लिहिणं हा एक प्रकारचा विचारीपणाही होता. तुझा फोन कुठला का असेना, माझा नमस्कार तुला वाचता येईल, एवढं त्यातून कळे.

स्मार्टफोन आल्यावर ही दोन्ही कारणं संपली. व्हॉट्सअ‍ॅपवर चिन्हांचे पैसे नाहीत, फॉन्टही आहे. मग अर्थ उलटला. आज सकाळी सकाळी देवनागरीत, फुलं आणि बैलजोडीसकट जी शुभेच्छा येते, ती बहुधा दुसऱ्या ग्रुपवरून उचललेली असते, हे आपण उघडायच्या आधीच ओळखतो. kakaji, polyachya shubhechha, he tumhi kase aahat, असं वाकडंतिकडं रोमन आलं की कळतं, हे कुणीतरी बोटांनी लिहिलंय. तीन ओळींची देवनागरी स्वतः टाइप करणारे थोडे, आणि त्यांचा संदेश जरा कार्यक्रमपत्रिकेसारखा वाटतो. हे माझं मत. माझ्या काकांना नेमकं उलटं वाटतं, त्यांच्या लेखी रोमन म्हणजे घाईत उरकलेला नमस्कार.

आता तिसरी गोष्ट आली आहे. कीबोर्डवर रोमन अक्षरं दाबायची आणि देवनागरी उमटते. pani लिहा, ‘पाणी’ सुचवलं जातं. कीबोर्डला आपली बोली माहीत नसते, त्याच्याकडे शब्दांची यादी असते आणि तीत प्रमाण रूपाला मान असतो. त्यामुळे देवनागरीतल्या ‘ण’वरून माणूस शिकलेला की न शिकलेला, इकडचा की तिकडचा, हे ओळखायची जुनी खोड हळूहळू निकामी होते आहे. मावशीलाही हा कीबोर्ड टाकून दिला, पण तिने चार दिवसांत काढला. तिचं म्हणणं, हा माझं बोलणं बदलतो.

माझा पुण्यातला आतेभाऊ आयटीत आहे. तो हल्ली मुद्दाम देवनागरीत लिहितो, ‘भाऊ, आज आपला सन हाये’. त्यासाठी त्याला सुचवलेला ‘सण’ बाजूला सारून ‘सन’ आणि ‘हाये’ अक्षर-अक्षर टाइप करावं लागतं. त्याच्या त्या ओळीखाली ग्रुपवर बदाम पडतात. मावशीने हेच लिहिलं असतं, तर खाली कुणीतरी ‘सण’ असं दुरुस्त करून पाठवलं असतं.